कवि, कवी आणि एक वाढीव मात्रा

वृत्त ओळखताना जो गोंधळ होतो, त्यातला बराचसा मोजणाऱ्याचा नसून लेखननियमांचा असतो. त्याचे मूळ 1962 मध्ये आहे.

त्याआधी संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळ रूपातच लिहीत: कवि, गति, गुरु. पंडित कवींनी अक्षरगणवृत्ते संस्कृतातूनच उचलली होती, त्यामुळे हे ऱ्हस्व अंत्याक्षर त्यांना आयते लघु म्हणून मिळे. 1962 च्या नियमांनी असे शब्द दीर्घान्त केले: कवी, गती, गुरू. मराठी माणूस शेवटचा इकार-उकार लांबवूनच बोलतो, हे कारण खरेच होते. गद्यात त्याने काही बिघडले नाही. पद्यात मात्र एक मात्रा वाढली.

नमुन्याला एक ओळ करून पाहू:

सहज तो कवि बोलत राहतो

लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तीन-तीन अक्षरे तोडली की सहज (ललल), तो कवि (गालल), बोलत (गालल), राहतो (गालगा) असे गट पडतात. म्हणजे न, भ, भ, र हे गण, बारा अक्षरे, सोळा मात्रा: द्रुतविलंबित. आता मुद्रितशोधकाने इमानेइतबारे ‘कवि’चे ‘कवी’ केले, तर दुसरा गट गालगा होतो, मात्रा सतरा भरतात आणि ओळ कुठल्याच ओळखीच्या वृत्तात बसत नाही. विद्यार्थी मग स्वतःचीच बेरीज तपासत बसतो.

खरे तर त्याच नियमांत कवीला वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक दिलेली आहे. वाद आहे तो जुन्या कविता नव्याने छापताना ती मोकळीक कोणी वापरायची, यावर. एक बाजू म्हणते, पाठ जसा होता तसा ठेवा. दुसरी म्हणते, शाळकरी मुलांपुढे दोन लेखनपद्धती नकोत. दुसरीची अडचण समजते, पण वृत्त शिकवायच्या धड्यात तरी ती चालणार नाही. ओळ मोजून जमत नसेल, तर आधी ओळीतले दीर्घ इकारान्त, उकारान्त शब्द ऱ्हस्व करून पाहावेत. एकाच जागी बदल करून गण जुळले, तर दोष छपाईचा.

दुसरी अडचण जुनी आहे, नियमांच्याही आधीची. जोडाक्षरामागचे अक्षर गुरू, हे पाठ असते. पण मराठीत त्याला आघात लागतो.

तुझ्या पावलांची तिला ओढ मोठी

इथे ‘तु’वर आघात नाही, म्हणून तो लघुच. चारही गट लगागा होतात आणि भुजंगप्रयात मिळते, मात्रा वीस. ‘सत्य’मधला ‘स’ मात्र त्‌वर आपटतो, तो गुरू. हा फरक कागदावर दिसत नाही. ओळ मोठ्याने म्हणावी लागते.