अँड्रॉइड फोनमधील पुसलेले संदेश व कॉलनोंदी परत मिळवणे

अँड्रॉइड फोनमधून पुसले गेलेले लघुसंदेश (एसएमएस) आणि कॉलनोंदी परत मिळण्याची भिस्त मुख्यतः एका गोष्टीवर असते : मजकूर पुसण्याच्या आधी घेतलेली आणि त्यानंतर बदलली न गेलेली बॅकअप-प्रत कुठेतरी शिल्लक आहे का. फोनमधील साठा एन्क्रिप्ट केलेला असल्यामुळे, पुसलेला मजकूर थेट फोनमधून उकरून काढण्याचा दावा करणाऱ्या संगणकीय प्रणाली सामान्य वापरकर्त्याच्या फारशा उपयोगाच्या नसतात.

येथे सिंक आणि बॅकअप यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. संपर्कयादी गूगल खात्याशी सिंक होते, म्हणजे फोनवर केलेला बदल खात्यातही होतो. फोनवर नाव पुसले की ते खात्यातूनही जाते. मात्र संपर्कांच्या संकेतस्थळावर यादी 30 दिवसांपर्यंत मागे नेता येते. संदेश आणि कॉलनोंदी यांचे सिंक होत नाही. त्यांची फक्त बॅकअप-प्रत गूगलच्या सर्व्हरवर जाते आणि नवी प्रत जुन्या प्रतीची जागा घेते. फोन चार्जिंगला लावलेला, वायफायला जोडलेला आणि सुमारे 2 तास न वापरलेला असला की ही प्रत आपोआप घेतली जाते. बहुतेकांच्या बाबतीत हे रात्री घडते, आणि म्हणूनच आज पुसलेला संदेश उद्या सकाळी बॅकअपमधूनही नाहीसा झालेला असू शकतो.

एक उदाहरण घेऊ. सोमवारी आलेला संदेश बुधवारी संध्याकाळी चुकून पुसला गेला. संगणकावर गूगल ड्राइव्हमधील बॅकअपची यादी (drive.google.com/drive/backups) उघडल्यावर शेवटची प्रत बुधवारी पहाटेची दिसते, म्हणजे संदेश तिच्यात असण्याची दाट शक्यता आहे. या यादीत प्रतीची तारीख दिसते, आतील संदेश मात्र वाचता येत नाहीत. आता बुधवारच्या रात्री नवी प्रत घेतली जाता कामा नये. अशा वेळी बॅकअपच बंद करून टाकावा असे अनेकांना सुचते आणि नेमका तेथेच घात होतो, कारण बॅकअप बंद करताना सर्व्हरवरील प्रतही पुसली जाते. त्याऐवजी फोनचे वायफाय व मोबाइल डेटा बंद ठेवावा.

ही प्रत चालू फोनवर सहजासहजी उतरवता येत नाही. ती उतरवण्याचा पर्याय फोन पहिल्यांदा सुरू करतानाच मिळतो. त्यासाठी चालू फोन फॅक्टरी रीसेट करण्यापेक्षा एखादा जुना, रिकामा करता येण्याजोगा फोन घेणे शहाणपणाचे ठरते, कारण काही बिनसले तरी मूळ फोनवरील मजकूर शाबूत राहतो. दुसऱ्या फोनवरील अँड्रॉइडची आवृत्ती मूळ फोनइतकी किंवा त्याहून नवी असली पाहिजे. तो रीसेट करून त्याच खात्याने प्रवेश करावा, बुधवारची प्रत निवडावी आणि विचारल्यास मूळ फोनचा स्क्रीन-लॉक पिन द्यावा. हा पिन आठवत नसेल तर संदेश मिळत नाहीत, खात्याचा पासवर्ड बरोबर असला तरीही.

संदेश दुसऱ्या फोनवर दिसू लागल्यावर ते मूळ फोनवर न्यायचे असतात. त्यासाठी SMS Backup & Restore सारखे अॅप वापरले जाते. ते संदेशांची आणि कॉलनोंदींची स्वतंत्र एक्सएमएल फाइल बनवते. तीत संदेशाची एक ओळ साधारण अशी असते :

```
<sms address="..." date="1718000000000" type="1" body="..." />
```

यातील `date` म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे मिलिसेकंद. वरील आकडा 10 जून 2024 चा आहे. `type` मध्ये 1 म्हणजे आलेला आणि 2 म्हणजे पाठवलेला संदेश. फाइल साध्या मजकुराची असल्यामुळे हवा तो संदेश तिच्यात आहे की नाही, हे मूळ फोनला हात लावण्याआधीच शोधून पाहता येते. नंतर मूळ फोनवर तेच अॅप काही काळ संदेशांचे मुख्य अॅप म्हणून नेमावे लागते, कारण अँड्रॉइड इतर अॅपना संदेश लिहू देत नाही. भरणी संपल्यावर नेहमीचे अॅप पुन्हा मुख्य करण्याचे विसरू नये. आधीपासून असलेले संदेश हे अॅप वगळते, त्यामुळे दुहेरी नोंदी सहसा होत नाहीत.

फोन हरवला वा बिघडला असेल तर घाई वेगळ्या कारणाने करावी लागते : 57 दिवस न वापरलेल्या फोनची प्रत गूगल काढून टाकू शकते.

कॉलनोंदींना आणखी एक मर्यादा आहे. मूळ अँड्रॉइड प्रणाली प्रत्येक सिमच्या अलीकडच्या 500 नोंदीच ठेवते व त्याआधीच्या स्वतःहून काढते. अशी नोंद कोणी पुसलेली नसते, पण ती ताज्या बॅकअपमध्येही सापडत नाही. ती मिळालीच तर पूर्वी कधीतरी काढून ठेवलेल्या `calls` ने सुरू होणाऱ्या जुन्या एक्सएमएल फाइलमध्येच मिळते.