धूसर फोटो, गाडीचा नंबर आणि झूम

‘फोटो कितीही धूसर असू द्या, कॉम्प्युटरवर मोठा केला की गाडीचा नंबर दिसतोच.’

मोठं केल्यानं फोटोतले ठिपके फुगतात, नवी माहिती येत नाही. समोरून तिरकी, ताशी ६० किलोमीटरनं जाणारी कार, कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात ३३ सेंटिमीटर सरकते. तिची लांब पाटी ५० सेंटिमीटरची. आकडे एकमेकांत मिसळणारच.

पाटीवर एमएच २३ म्हणजे बीड, पुढे अक्षरं, शेवटी चार आकडे. त्यामुळे इंग्रजी ‘बी’ की आठ, हे जागेवरून ठरतं. पण काळ्या मातीच्या चिखलानं आठची डावी बाजू झाकली, की तो तीनच दिसतो. फॅन्सी अक्षरं असली तर आणखी घोळ.

आपल्याच गाडीचा दहा, वीस, चाळीस पावलांवरून फोटो काढा. नंबर पाठ नसलेल्याला वाचायला द्या. आपल्याला तो आठवणीतूनच दिसतो.