रात्रीचं काम झालंच नाही, हे कळणार कसं?

समजा, सीताबर्डीतल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर ऑफिसच्या मागच्या खोलीत आहे. रोज रात्री 2 वाजता क्रॉन हा वेळापत्रकाप्रमाणे कामं सुरू करणारा प्रोग्रॅम खातेदारांच्या डेटाबेसचा बॅकअप काढतो. मे महिन्यातल्या एका रात्री पावणेदोनला लाईन जाते, थोड्या वेळात यूपीएसची बॅटरी संपते आणि सर्व्हर बंद पडतो. चार वाजता लाईन येते, सर्व्हर आपोआप सुरू होतो आणि सकाळी काउंटरवर नेहमीसारखं काम चालू होतं. त्या रात्रीचा बॅकअप मात्र निघालेला नाही. कुठेही एरर नाही आणि लॉगमध्ये एक ओळही नाही, कारण काम अयशस्वी झालं नव्हतं, ते सुरूच झालं नव्हतं.

हे समजून घ्यायला क्रॉनच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं. 1979च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतलं क्रॉन दर मिनिटाला जागं व्हायचं, फाईलमधल्या ओळी वाचायचं आणि त्या मिनिटाला जुळणारी कामं सुरू करायचं. कालचं काय राहिलं, याची नोंद ठेवणं त्याच्या कामात नव्हतंच. 1987 मध्ये पॉल विक्सी यांनी आपलं क्रॉन लिहिलं. आजच्या बहुतेक लिनक्स मशीनवर त्याचाच वंश चालतो. मूळ स्वभाव तोच राहिला, म्हणून चार वाजता उठलेला सर्व्हर दोनच्या कामाकडे मागे वळून बघत नाही. चुकलेलं काम नंतर उरकायला पुढे `anacron` आलं, आणि लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये `Persistent=true` लिहिता येतं. पण तेही त्याच मशीनवर राहतात. मशीनच उठलं नाही तर तेही गप्पच.

खबर देण्याची जुनी पद्धत ईमेलची. कामाने पडद्यावर काही छापलं तर क्रॉन ते `MAILTO` मधल्या पत्त्यावर पाठवतं, काही छापलं नाही तर काहीच पाठवत नाही. म्हणजे पत्र आलं नाही की सगळं ठीक, असा अर्थ रूढ झाला. त्या काळी तो वाजवीही होता, कारण ॲडमिन त्याच मशीनवर लॉगिन करून पत्रं वाचायचा. पुढे पत्रांचा पूर आला, लोकांनी प्रत्येक ओळीच्या शेवटी `>/dev/null 2>&1` चिकटवून छापलेलं सगळं फेकून द्यायला सुरुवात केली आणि उरलासुरला आवाजही बंद झाला.

या रूढ अर्थाचं मोल 31 जानेवारी 2017च्या रात्री कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबने चुकवलं. डेटाबेसची प्रतिकृती दुरुस्त करताना एका अभियंत्याच्या हातून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला गेला. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरला असताना ते लक्षात आलं. मग रोजचे बॅकअप शोधले, तर साठवणुकीच्या जागी काहीच नव्हतं. डेटाबेस पोस्टग्रेस 9.6चा, आणि बॅकअपच्या कामात मात्र 9.2चं `pg_dump` चालत होतं. आवृत्ती जुळत नसल्याने ते दर वेळी एरर देऊन थांबायचं. एररची ईमेलही निघत होती, पण क्रॉनच्या त्या ईमेल डीमार्कच्या, म्हणजे पाठवणारा खरा आहे का हे पडताळण्याच्या, नियमात बसत नव्हत्या, त्यामुळे घेणाऱ्या बाजूने त्या नाकारल्या जात होत्या. सुदैवाने सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता. त्यावरून साइट उभी राहिली, पण मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. त्यांनी हे सगळं स्वतःच उघडपणे लिहून ठेवलं. या विषयात त्याहून शिकण्यासारखं उदाहरण मला माहीत नाही, कारण तिथे अपयशाची सूचना लावलेली होती. फक्त ती सूचना पोहोचण्याचा रस्ता तुटला होता, आणि तुटलेला रस्ता व निर्धोक रात्र बाहेरून सारखीच दिसतात.

यावरचा उपाय संगणकवाल्यांनी शोधलेला नाही. अजनीच्या शेडमधून निघणाऱ्या इलेक्ट्रिक इंजिनांत सतर्कता यंत्र असतं. लोको पायलटने साधारण 60 सेकंदांत थ्रॉटल, ब्रेक, हॉर्न अशी कसलीच हालचाल केली नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, सुमारे 8 सेकंदांनी बझर वाजतो, आणि आणखी 8 सेकंद दाद मिळाली नाही तर आपत्कालीन ब्रेक लागतात. पायलटला भोवळ आली तर बटण दाबून कळवा, असं त्याला कुणी सांगत नाही. मी ठीक आहे, हे त्याने वारंवार कळवायचं आणि ते थांबलं की यंत्राने हालायचं.

सर्व्हरच्या देखरेखीत ही उलटी मांडणी टप्प्याटप्प्याने आली. 1999 मध्ये नेटसेंट नावाने आलेल्या आणि 2002 पासून नागिऑस म्हणवणाऱ्या प्रणालीत बाहेरून आलेला निकाल किती शिळा झाला हे तपासायची सोय `freshness_threshold` मधून मिळाली. गेल्या दशकात क्रॉनिटर, हेल्थचेक्स अशा फक्त याच कामाच्या सेवा निघाल्या. प्रत्येक कामाला एक वेगळी यूआरएल मिळते, काम नीट संपलं की तिला पिंग करायचं, म्हणजे त्या पत्त्यावर एक हाक मारायची, आणि ठरलेल्या मुदतीत पिंग आला नाही तर बाहेरची सेवा फोनवर कळवते.

आपल्या पतसंस्थेचं काम मग असं दिसेल. `HC_UUID` मध्ये त्या कामाचा ओळख क्रमांक आहे.

```
#!/bin/bash
set -euo pipefail
F=/backup/$(date +%F).sql.gz
pg_dump hishob | gzip > "$F"
[ "$(stat -c %s "$F")" -gt 50000000 ]
curl -fsS -m 10 --retry 5 -o /dev/null "https://hc-ping.com/$HC_UUID"
```

यात `pipefail` हा शब्द गाळला तर सगळी मेहनत वाया जाते. एरवी पाईपचा निकाल शेवटच्या कमांडचा, म्हणजे `gzip` चा धरला जातो. `pg_dump` काहीही न देता पडलं तरी `gzip` रिकामा मजकूर निमूटपणे दाबून 20 बाइटची फाईल बनवतं आणि यशस्वी म्हणून मोकळं होतं. पिंग जातो, सेवेवर हिरवा दिवा राहतो आणि आपण पुन्हा गिटलॅबच्या जागी येतो. म्हणून पुढची ओळ आकारही तपासते. रोजची फाईल 80 एमबीच्या आसपास असेल तर 50 ही खालची मर्यादा ठीक. पिंग सगळ्यात शेवटी, कारण तो काम सुरू झाल्याची नव्हे, काम पार पडल्याची साक्ष आहे. तरीही त्या फाईलमधून डेटाबेस पुन्हा उभा राहतो का, हे पिंग सांगत नाही. ते अधूनमधून करूनच बघावं लागतं.

मुदत ठरवताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. "दर 24 तासांनी" असं सांगितलं तर सेवा शेवटच्या पिंगपासून मोजते. एखाद्या दिवशी सकाळी 11 वाजता हाताने बॅकअप काढला, की त्या रात्री दोनचा चुकलेला बॅकअप दुसऱ्या दिवशी 11 नंतरच कळणार. त्यापेक्षा `0 2 * * *` हे वेळापत्रकच सेवेला द्यावं. पण तिथे टाइमझोन `Asia/Kolkata` निवडायला विसरलात तर ते यूटीसी धरलं जातं, म्हणजे आपले सकाळचे साडेसात. मग उशिरासाठी एक तासाची सवलत धरून रोज साडेआठला खोटी सूचना येते, आणि आठवड्याभरात त्या सूचनांकडे कुणी बघेनासं होतं. सवलत किती द्यायची, हे कामाच्या सर्वांत संथ रात्रीवरून ठरवावं. एरवी 20 मिनिटांत संपणारा बॅकअप महिनाअखेरीस 35 मिनिटं घेत असेल तर एक तास पुरतो.

पहारा ठेवणारी सेवा त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर ठेवली तर लाईन गेल्यावर दोघंही एकदमच जातात. म्हणून ती बाहेर हवी. प्रोमिथियस ही देखरेख प्रणाली वापरणाऱ्यांनी हा प्रश्न एक पायरी पुढे नेला आहे. त्यांच्या प्रचलित मांडणीत `Watchdog` नावाची एक सूचना मुद्दाम सतत चालू ठेवतात आणि ती वरच्यासारख्या बाहेरच्या हार्टबीट सेवेकडे पाठवत राहतात. ती येणं थांबलं, की बिघाड कामात नसून कळवणाऱ्या यंत्रणेतच आहे, हे त्याच पद्धतीने समजतं.