ज्येष्ठमध आणि मूत्रपिंडातला जागल्या

१९४६ साली नेदरलंड्समधल्या हेरेनवेन गावच्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी आपल्या पोटाच्या रुग्णांबद्दल एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. तिथल्या एका औषधविक्रेत्याकडे ज्येष्ठमधाच्या अर्काचं औषध मिळायचं आणि ते घेणाऱ्या अल्सरच्या रुग्णांना आराम पडायचा. म्हणून रेव्हर्स यांनी ते आपल्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. जठरातले व्रण खरोखरच भरून येऊ लागले. पण साधारण पाचांतल्या एका रुग्णाचा चेहरा आणि पायाचे घोटे सुजायला लागले. कुणाचं डोकं दुखे, कुणाला धाप लागे. औषध बंद केलं की सूज ओसरत असे.

हे वाचून ॲमस्टरडॅममधल्या बोर्स्ट यांच्या गटाने असा अर्क घेणाऱ्यांच्या शरीरातल्या मिठाचा आणि पाण्याचा हिशेब मांडला. मीठ आणि पाणी शरीरात साचत होतं, लघवीतून पोटॅशियम निघून जात होतं आणि रक्तदाब चढत होता. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचं मीठ राखणारं संप्रेरक जास्त झालं, तर नेमकं असंच घडतं. म्हणजे या मुळात तसंच एखादं संप्रेरक दडलेलं असावं, असा अंदाज निघाला. तो बरीच वर्षं टिकला, आणि तो चुकीचा होता.

आपल्याकडे ज्येष्ठमध घराघरात असतं. घसा बसला की काडी दाढेखाली धरायची, खोकला झाला की चूर्ण मधातून चाटायचं. त्या मुळाची गोडी ज्या पदार्थामुळे येते तो ग्लिसरायझिन. तो साखरेच्या कितीतरी पटींनी गोड असतो, पण त्याची चव जिभेवर उशिरा येते आणि रेंगाळते. पोटात गेल्यावर तो आहे तसा फारसा शोषला जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याला जोडलेला शर्करेसारखा भाग तोडतात आणि उरतं ते ग्लिसरेटिनिक आम्ल. हेच पुढे रक्तात जातं आणि सगळी करामत याचीच आहे.

डच डॉक्टरांपुढे कोडं उभं राहिलं ते ॲडिसनच्या आजाराच्या रुग्णांमुळे. या आजारात अधिवृक्क ग्रंथी निकामी होतात, मीठ राखणारं संप्रेरक बनत नाही आणि माणूस मीठ गमावत खंगतो. ज्यांच्या ग्रंथी थोड्याफार चालत होत्या, त्यांना ज्येष्ठमधाच्या अर्काने चांगला फरक पडला. ज्यांच्या ग्रंथी पूर्ण बंद पडल्या होत्या, त्यांना काहीच झालं नाही. मात्र त्यांनाच सोबत कॉर्टिसोन दिलं की अर्क पुन्हा काम करू लागे. आज मागे वळून पाहिलं तर उत्तर इथेच होतं. ज्येष्ठमधाच्या मुळात स्वतःचं संप्रेरक असतं, तर त्याला दुसऱ्या संप्रेरकाची सोबत कशाला लागली असती? पण हा धागा पकडायला आणखी तीसेक वर्षं गेली.

तो समजण्यासाठी मूत्रपिंडात उतरावं लागेल. लघवी तयार होताना तिच्यातलं मीठ किती परत घ्यायचं, हे नळीच्या शेवटच्या टप्प्यात ठरतं. तिथल्या पेशींमध्ये एक संग्राहक असतो. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक त्याला येऊन चिकटलं की पेशी सोडियमसाठी वाट उघडतात. सोडियम आत येतं, त्याच्यामागून पाणी येतं आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीत टाकलं जातं. घामाने किंवा जुलाबाने मीठ कमी झालं की अल्डोस्टेरॉन वाढतं, गरज संपली की कमी होतं.

अडचण अशी की या संग्राहकाला माणसं ओळखता येत नाहीत. कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरक त्याला अल्डोस्टेरॉनइतकंच घट्ट चिकटतं. कॉर्टिसॉल आपल्याला पहाटे जागं करतं, आजारपणात तगवतं, आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनच्या निदान शंभरपट असतं. मग सगळे संग्राहक कॉर्टिसॉलनेच का व्यापले जात नाहीत? कारण त्याच पेशींमध्ये एक एन्झाइम राखणीला बसलेलं असतं, गावाच्या वेशीवरच्या जागल्यासारखं. आत आलेल्या कॉर्टिसॉलच्या रेणूत ते छोटासा बदल करून त्याचं कॉर्टिसोन बनवतं. कॉर्टिसोन संग्राहकाला चिकटत नाही. अल्डोस्टेरॉनच्या रेणूची घडण वेगळी असल्याने ते या एन्झाइमच्या तावडीतून सुटतं आणि संग्राहक त्याच्यासाठी मोकळा राहतो.

ग्लिसरेटिनिक आम्ल या जागल्यालाच जखडून ठेवतं. आपलंच कॉर्टिसॉल, नेहमीच्याच प्रमाणात असलेलं, संग्राहकावर जाऊन बसतं आणि दिवसरात्र 'मीठ राखा, पोटॅशियम टाका' हा एकच हुकूम सुटत राहतो. १९८७ साली एडिंबरामधल्या स्ट्युअर्ट, एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्येष्ठमध खाणाऱ्यांमध्ये हे दाखवून दिलं. त्यांना वाट सापडली ती एका दुर्मीळ जन्मजात आजारामुळे. काही मुलांमध्ये हे एन्झाइम जन्मापासूनच काम करत नाही. लहान वयातच त्यांचा रक्तदाब खूप चढलेला आणि पोटॅशियम उतरलेलं असतं. ज्येष्ठमध खाणाऱ्या मोठ्या माणसाच्या लघवीतही या मुलांसारखाच पुरावा दिसला: कॉर्टिसॉलचे अंश जास्त, कॉर्टिसोनचे कमी. ॲडिसनच्या रुग्णांचं कोडंही सुटलं. शरीरात कॉर्टिसॉलच नसेल, तर जागल्याला बांधून काय होणार? आणि कॉर्टिसोन दिलं की यकृत त्याचं पुन्हा कॉर्टिसॉल करतं, म्हणून अर्क कामाला लागे.

आता 'जास्त' म्हणजे किती? युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन ही वरची मर्यादा धरली जाते. ती सर्वांसाठी सुरक्षित आहेच, असं मात्र नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात २८ निरोगी तरुणांनी दोन आठवडे रोज नेमकं १०० मिलिग्रॅम घेतलं, तर त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी तीन अंकांनी वाढला. सरासरी तीन म्हणजे काहींमध्ये जवळजवळ शून्य आणि काहींमध्ये बराच जास्त.

हे आपल्या डब्यातल्या चूर्णाला लावून पाहू. औषधी दर्जाच्या मुळात निदान चार टक्के ग्लिसरायझिन असावं, असा युरोपीय औषधकोशाचा निकष आहे. एका चमच्यात तीन ग्रॅम चूर्ण धरलं, तर त्यात १२० मिलिग्रॅम झालं. सकाळ-संध्याकाळ घेतलं तर २४०. मुळातलं सगळं ग्लिसरायझिन अंगी लागत नाही, शुद्ध पदार्थाच्या मानाने ते कमी शोषलं जातं, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा धरू नये. तरीही मर्यादा वाटते तितकी दूर नाही, हे यातून दिसतं. घसा दुखतो म्हणून तीन-चार दिवस काडी चघळणाऱ्या निरोगी माणसाने घाबरायचं कारण नाही, कारण चघळताना लाळेत थोडाच अंश उतरतो. मला काळजी वाटते ती कोरोनाच्या दिवसांत सुरू झालेला काढा आजतागायत रोज घेणाऱ्यांची आणि 'वनस्पतीच आहे' म्हणून पित्तावर महिनोन्‌महिने चूर्ण खाणाऱ्यांची. एका दिवसाच्या मात्रेपेक्षा इथे रोजच्या सातत्याने बिघडतं. ग्लिसरेटिनिक आम्ल पित्तातून पुन्हा आतड्यात येतं आणि पुन्हा शोषलं जातं, म्हणून ते शरीरातून सावकाश जातं आणि रोजच्या मात्रेची भर पडत राहते.

पोटॅशियम उतरू लागल्याचं सुरुवातीला कळत नाही. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, पेशींबाहेर जेमतेम दोन टक्के. पण स्नायू आणि हृदय आतल्या-बाहेरच्या याच फरकावर चालतात. रक्तातलं प्रमाण लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असायला हवं. ते तीनच्या खाली गेलं की जिना चढताना मांड्या जड होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, बद्धकोष्ठ होतो. त्याहूनही खाली गेलं तर पाय उचलत नाहीत आणि स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. हृदयाच्या आलेखावर एक जादा लहर उमटते आणि ठोक्यांचा ताल बिघडू शकतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ५४ वर्षांच्या एका गृहस्थांची हकीकत २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात आली. ते बांधकामावर काम करत. गोळ्या-चॉकलेटवर त्यांची भिस्त होतीच. शेवटचे तीन आठवडे त्यांनी फळांच्या स्वादाच्या गोळ्यांऐवजी ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या खायला घेतल्या, रोज एक ते दोन मोठ्या पिशव्या. एका उपाहारगृहात ते अचानक कोसळले. हृदय धडकायचं सोडून नुसतं थरथरत होतं. विजेचे धक्के देऊन ठोके परत आणले, रक्तात पोटॅशियम फार कमी सापडलं, ते भरून काढण्याचे प्रयत्न झाले, पण ते वाचले नाहीत. कोसळण्याआधी त्यांनी कसली तक्रार केली नव्हती.

असा रुग्ण समोर आला की डॉक्टरांना आधी शंका येते ती अल्डोस्टेरॉन जास्त झाल्याची, कारण दाब चढलेला आणि पोटॅशियम उतरलेलं, दोन्ही तसंच दिसतं. म्हणून रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि त्याला हुकूम देणारं रेनिन तपासतात. अधिवृक्क ग्रंथीला गाठ असेल तर अल्डोस्टेरॉन वाढलेलं आणि रेनिन दबलेलं असतं. ज्येष्ठमधात दोन्ही दबलेली असतात, कारण शरीर भरपूर मीठ साचलंय असं पाहून आपलं यंत्र बंद करतं. दोन्ही कमी आली, की 'गोड काय खाता, काढा कसला घेता, चूर्ण कुठलं?' हे विचारायलाच हवं. रुग्ण आपणहून सांगत नाही, कारण ज्येष्ठमधाला तो औषध मानतच नाही.

सर्वांत जास्त धोका आहे तो रक्तदाबासाठी 'पाण्याची गोळी' घेणाऱ्यांना. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा फ्युरोसेमाइडसारखी गोळी आधीच लघवीतून पोटॅशियम घालवते, त्यात ज्येष्ठमधाची भर पडते. गोळी चालू असूनही दाब उतरत नाही म्हणून तिचा डोस वाढवला, तर पोटॅशियम आणखी घसरतं. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना पोटॅशियम थोडं कमी झालं तरी ते औषध विषासारखं वागू शकतं. गर्भवतींनीही रोजचं सेवन टाळावं. वारेमध्ये हेच एन्झाइम बाळाला आईच्या कॉर्टिसॉलपासून आडोसा देत असतं.

उपाय सरळ आहे: ज्येष्ठमध बंद, पोटॅशियम भरून काढणं आणि गरज पडलीच तर संग्राहकच अडवून धरणारं स्पायरोनोलॅक्टोन. पण बंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळं जागेवर येत नाही. एन्झाइमला पुन्हा नीट कामाला लागायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात आणि दबलेलं रेनिन-अल्डोस्टेरॉन काहींमध्ये त्याहून जास्त काळ दबलेलंच राहतं. म्हणून पोटॅशियम एकदा भरलं की काम संपलं असं धरून घरी पाठवत नाहीत. काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासतात, दाब घरी मोजत राहायला सांगतात, आणि रुग्णाला डब्यातलं चूर्ण नुसतं बाजूला ठेवू नका, पाकिटावरचा मजकूर दाखवायला घेऊन या म्हणतात. कारण खोकल्याच्या औषधांत, चहाच्या मसाल्यात किंवा पित्ताच्या गोळ्यांतही ते 'यष्टिमधु' किंवा 'मुलेठी' या नावाने बसलेलं सापडू शकतं.