ओल गेली, डाग का जात नाही?

आमच्या बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे. आतला पाइप दुरुस्त केला, भिंत हाताला कोरडी लागू लागली, म्हणून लगेच रंग मारला. पहिल्याच पावसाळ्यात तिथे पुन्हा पापुद्रे सुटले. गळती मात्र नव्हती.

कारण पाणी गेलं तरी त्यात विरघळलेले क्षार प्लास्टरमध्येच राहतात. त्यालाच आपण लोणा म्हणतो. यातले काही क्षार दमट हवेतलं पाणी ओढून घेतात आणि हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक बनतात. हे स्फटिक रंगाच्या थरामागे वाढले की थर उचलला जातो.

म्हणून पांढरी पावडर पाण्याने धुऊ नये. क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. कडक ब्रशने कोरडीच झाडायची, चार दिवसांनी पुन्हा आली तर पुन्हा झाडायची. ठोकल्यावर पोकळ वाजणारं प्लास्टर काढलेलंच बरं. मग प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल अजून आतूनच येते आहे, रंगकाम थांबवा.

पीओपी किंवा खडूची पुट्टी इथे नको, ओल लागली की ती मऊ पडते. व्हाइट सिमेंटची पुट्टी टिकते, पण ती अल्कधर्मी असते. तिच्यावर तेलाचा प्रायमर मारला तर अल्कली तेलावर काम करून त्याचा साबण बनवते (साबण करतात तो अशाच क्रियेने) आणि थर चिकट होऊन सुटतो. पेंटर "तेलाचाच पक्का" म्हणतात, पण पुट्टी पूर्ण वाळू द्यावी आणि अल्कली सोसणारा पाण्याचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्यावा.

आता हिशेब. खोली १२ बाय १०, उंची १० फूट. घेर ४४, म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. दार २१ आणि खिडकी १६ वजा केली की ४०३ उरतात. ओलीचा पट्टा १२ फूट लांब, ३ फूट उंच होता. वरच्या चांगल्या भागातही एक फूट खरवडलं, म्हणून ४८ चौरस फूट धरले.

पुट्टी दोन हातांना किलोमागे साधारण १२ चौरस फूट जाते, म्हणजे ४ किलो. खड्डे धरून ५ किलोची पिशवी. जुना रंग घट्ट असेल तर बाकी भिंतींना नुसता सँडपेपर पुरतो, प्रायमर फक्त पट्ट्याला. लिटरला १०० चौरस फूट धरून दोन हातांचे ९६, एक लिटरचा डबा झाला. दुकानदार पूर्ण खोलीचे चार लिटर सांगत होता! इमल्शन मात्र सगळीकडे दोन हात, ८०६ चौरस फूट. डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, म्हणून मी लिटरला १२० धरले. ६.७ लिटर आले. चारचा एक आणि एकेक लिटरचे तीन डबे घेतले, शेड एकाच वेळी मिसळून.