उणे अडीच: हाडांच्या घनतेच्या अहवालातील एका आकड्याविषयी

माझी थोरली मावशी एकसष्ट वर्षांची आहे. पाळी जाऊन तेरा वर्षे झाली म्हणून तिच्या डॉक्टरांनी तिला हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्यायला सांगितले. अहवाल हाती आल्यावर तिने मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "अगं, माझी हाडं शून्याच्याही खाली गेली म्हणायची का?" अहवालात खुब्यापुढे 'उणे २.०' आणि मणक्यांपुढे 'उणे २.३' असे टी-स्कोअर छापलेले होते. तिच्या शेजारणीने याचा अर्थ 'दोन टक्के झीज' असा लावला होता, तर तपासणी केंद्रातील कोणीतरी "अडीचच्या अलीकडे आहे, काळजी नको" असे सांगून तिला परत पाठवले होते. यांपैकी एकही अर्थ बरोबर नव्हता.

टी-स्कोअर म्हणजे हाडांतील कॅल्शियमचे प्रमाण नव्हे आणि झिजेची टक्केवारीही नव्हे. ती एक तुलना आहे. ती समजण्यासाठी यंत्र नेमके काय मोजते, हे आधी पाहावे लागते.

साध्या एक्स-रे चित्रात हाड पांढरे दिसते, कारण त्यातील कॅल्शियम किरण अडवते. परंतु वाटेतले स्नायू आणि चरबीही काही किरण अडवतात, त्यामुळे केवळ पांढरेपणावरून हाडात खनिज किती आहे हे सांगता येत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी डेक्सा यंत्र शरीरातून कमी आणि जास्त अशा दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण पाठवते. कमी ऊर्जेचे किरण अडवण्यात हाड मऊ भागांच्या फार पुढे असते, तर जास्त ऊर्जेच्या किरणांच्या बाबतीत हा फरक बराच कमी होतो. प्रत्येक ठिपक्यावर हाडाचे खनिज किती आणि मऊ भाग किती, अशा दोन अज्ञात राशी असतात आणि दोन ऊर्जांची दोन मोजमापे असतात. शाळेत आपण दोन चलांची एकसामयिक समीकरणे सोडवत होतो, त्याच पद्धतीने संगणक मऊ भाग वजा करून केवळ खनिज बाजूला काढतो. यासाठी लागणारा किरणोत्सर्ग इतका अल्प असतो की तो निसर्गातून आपल्याला एका दिवसात मिळणाऱ्या मात्रेच्या आसपास राहतो.

यानंतर यंत्र एक साधा भागाकार करते. हाडाच्या सावलीत किती ग्रॅम खनिज सापडले, या संख्येला सावलीच्या चौरस सेंटिमीटरमधील क्षेत्रफळाने भागले की घनता मिळते. येथे थांबून नीट विचार करायला हवा, कारण शाळेत शिकलेली घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, आणि येथे भाजक मात्र क्षेत्रफळ आहे. सावलीला जाडी नसते, म्हणून यंत्राला हाडाची जाडी कळत नाही. एकाच पदार्थाचे दोन घन घ्या, एकाची बाजू दोन सेंटिमीटर आणि दुसऱ्याची तीन. दोघांतही प्रत्येक घन सेंटिमीटरमागे ०.३ ग्रॅम खनिज असेल, तर खरी घनता सारखीच आहे. परंतु सावलीवरून मोजल्यास लहान घनाची 'घनता' ०.६ आणि मोठ्याची ०.९ येते. त्यामुळे पावणेपाच फूट उंचीच्या, लहान चणीच्या स्त्रीचे हाड पूर्ण निरोगी असले तरी या मोजपट्टीवर ते थोडे कमी भरते. अर्थात हा निव्वळ यंत्राचा दोष म्हणता येणार नाही, कारण बारीक हाड मोडायलाही सोपे असते.

आता तुलना. मावशीच्या मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याच्या सांध्यालगतचा अरुंद भाग, ०.६१८ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर भरली. तिच्या यंत्रासाठी संदर्भ म्हणून वापरली जाणारी तरुण स्त्रियांची सरासरी ०.८५८ असून प्रमाण विचलन ०.१२० आहे. प्रमाण विचलन म्हणजे निरोगी तरुणींमध्येही एकमेकींत सहसा किती फरक असतो, त्याचे माप. ०.६१८ मधून ०.८५८ वजा केल्यास उणे ०.२४० उरतात, त्यांना ०.१२० ने भागले की उणे २.० येतात. म्हणून मावशीचा खुबा तरुणींच्या सरासरीच्या दोन 'पायऱ्या' खाली आहे, एवढेच हा आकडा सांगतो. टक्केवारीच काढायची तर ती सरासरीपेक्षा २८ टक्के कमी निघेल. उणे चिन्हाचा अर्थ फक्त 'सरासरीच्या खाली' असा आहे. पंचविशीतल्या निरोगी मुलींपैकीही जवळपास निम्म्यांचा टी-स्कोअर उणेच येणार.

ज्यांच्याशी मावशीची तुलना झाली त्या तरुणी कोण होत्या, हेही पाहण्यासारखे आहे. खुब्याची ही संदर्भ आकडेवारी अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातील २० ते २९ वयाच्या गौरवर्णीय स्त्रियांची आहे आणि जागतिक आरोग्य संघटना जगभर तीच वापरण्याची शिफारस करते. अहवालात शेजारी छापलेला झेड-स्कोअर मात्र समवयस्क स्त्रियांशी तुलना करतो. मावशीचा तो उणे ०.६ होता, म्हणजे वयाच्या मानाने विशेष वेगळे काही नव्हते. पण रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यामुळे हाड खाणाऱ्या पेशींवरचा लगाम सैल होतो आणि पहिली काही वर्षे झीज वेगाने होते, ती सगळ्याच स्त्रियांत. सगळ्याच घसरत असताना 'इतरांइतकीच घसरले' हे समाधान कामाचे नसते, म्हणून या वयात निदान टी-स्कोअरवरच करतात.

उणे २.५ ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासगटाने १९९४ साली आखली. उणे १ पर्यंत सामान्य, उणे १ ते उणे २.५ यांच्या मधे ऑस्टिओपेनिया, म्हणजे घनता काहीशी कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा विकार. हाड या आकड्यापाशी एकाएकी ठिसूळ होत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के या रेषेखाली येत होत्या आणि ठिसूळपणामुळे उरलेल्या आयुष्यात हाड मोडण्याचा धोकाही साधारण तेवढ्याच स्त्रियांना होता, या मेळावरून ती सोयीची ठरली. खुब्याचा टी-स्कोअर एका पायरीने खाली गेला की खुबा मोडण्याची शक्यता दुपटीहून अधिक होते, आणि हा चढ रेषेच्या दोन्ही बाजूंना अखंड असतो. उणे २.४ आणि उणे २.६ या दोन अहवालांतील फरक तर मोजमापाच्या चुकीतच बुडून जातो.

मावशीच्या अहवालात खरी गोष्ट लपली होती ती मणक्यांच्या पानावर. कमरेच्या चार मणक्यांचे एकत्रित उणे २.३ हेच मोठ्या अक्षरांत छापले होते, म्हणून सगळ्यांनी तेवढेच वाचले. खाली प्रत्येक मणक्याचा वेगळा आकडा होता: पहिला उणे ०.८, दुसरा उणे २.७, तिसरा उणे २.८, चौथा उणे २.६. एकाच पाठीतील शेजारच्या मणक्यांत जवळजवळ दोन पायऱ्यांचा फरक सहसा पडत नाही. पहिला मणका इतका 'चांगला' का?

उत्तर पुन्हा त्या भाजकात आहे. समजा, या मणक्यात ७.५ ग्रॅम खनिज आहे आणि त्याची सावली १२ चौरस सेंटिमीटर पडते, तर घनता ०.६२५ येते. आता हा मणका दबून चेपला. खनिज कुठेही गेले नाही, ते ७.५ ग्रॅमच आहे, पण सावली ९ चौरस सेंटिमीटर झाली आणि घनता ०.८३३ वर गेली. एवढ्या बदलाने टी-स्कोअर सुमारे १.९ ने वर चढतो. हाड मोडले आणि आकडा सुधारला! मणक्यांच्या कडांना वाढलेली काटेरी हाडे किंवा समोरच्या महारोहिणीच्या भिंतीत साचलेले कॅल्शियम हेही सावलीत मिसळून आकडा असाच फुगवतात, आणि साठीनंतर हे दोन्ही वारंवार दिसते. म्हणूनच शेजारच्या मणक्यापेक्षा एकाहून अधिक फरकाने वेगळा असलेला मणका वगळून, किमान दोन मणके उरत असतील तर त्यांच्यावरूनच निष्कर्ष काढावा, असा नियम आहे.

मावशीच्या पाठीचा बाजूने साधा एक्स-रे काढला, तेव्हा कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपलेला दिसला. दोन वर्षांपूर्वी पाण्याची बादली उचलताना पाठीत उसण भरली होती, ती हीच. तिची उंचीही लग्नाच्या वेळेपेक्षा पाच सेंटिमीटरने कमी भरली. हा मणका वगळल्यावर टी-स्कोअर उणे २.७ झाला. एवढ्याशा कारणाने मणका मोडला असेल, तर आकडा काहीही असला तरी ते ऑस्टिओपोरोसिसच धरतात. 'काळजी नको' असे जिला सांगितले होते, तिला उपचारांची गरज होती.

उपचारांपूर्वी डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड अशा रक्ततपासण्या करून घेतल्या, त्या योग्यच होत्या. खनिज कमी आहे हे स्कॅन सांगतो, का कमी आहे हे सांगत नाही. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावामुळे हाडाचा सांगाडा तयार होऊनही त्यात खनिज भरतच नाही, आणि तेव्हाही टी-स्कोअर असाच खाली येतो. त्या रोगावरचा इलाज पूर्ण वेगळा आहे. या सगळ्यात तांब्याचे कडे, चुंबकाची गादी किंवा 'महिनाभरात घनता वाढवणारे' चूर्ण यांना जागा कुठे, हे मला अद्याप कळलेले नाही. घनतेत काही बदल झाला, हे कळायलाच वर्ष-दोन वर्षे लागतात. मोफत शिबिरांत टाच यंत्रात ठेवून दिला जाणारा टी-स्कोअरही वेगळा असतो. तो ध्वनिलहरींवरून काढलेला असल्यामुळे त्याला उणे २.५ ची रेषा लागू पडत नाही.

मावशीचा पुढचा स्कॅन दोन वर्षांनी आहे. तो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर व्हायला हवा, कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच कमरेच्या मणक्यांच्या घनतेत दहा टक्क्यांहून अधिक फरक पडू शकतो. त्या वेळी टी-स्कोअर नव्हे, तर मूळ ग्रॅममधील आकडे आणि तेच तीन मणके ताडून पाहायचे आहेत. मणक्यांत साधारण पाच टक्क्यांपेक्षा आणि मांडीच्या हाडाच्या मानेत सात टक्क्यांपेक्षा कमी बदल दिसला, तर तो वाढ असो की घट, ती केवळ मोजमापातली हालचाल असू शकते. तिचे ०.६१८ पुढच्या वेळी ०.६०५ झाले, तर औषध लागू पडत नाही असे त्यावरून म्हणता येणार नाही.