क्ष-किरण वर्णपटाची लघुतम तरंगलांबी

निर्वात नळीत वेगाने आलेला इलेक्ट्रॉन धातूच्या टार्गेटमध्ये शिरून अडतो, तेव्हा त्याच्या गतिज ऊर्जेचा थोडासा भाग क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. याला गतिरोधी प्रारण म्हणतात. जर्मन भाषेतले ब्रेम्सस्ट्रालुंग हे नावच जगभर रूढ आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘ब्रेक लागल्याने निघालेले किरण’ असा होतो. या प्रारणात सर्व तरंगलांब्या सलग असतात, पण एका बाजूला वर्णपट एकदम संपतो. एका ठरावीक तरंगलांबीपेक्षा आखूड क्ष-किरण त्यात मुळीच सापडत नाहीत. ही सीमा नळीवरच्या विद्युत् दाबावर अवलंबून असते. टार्गेट तांब्याचे आहे की टंगस्टनचे, याच्याशी तिचा संबंध नसतो. हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम ड्युएन आणि फ्रँकलिन हंट यांनी १९१५ मध्ये हा नियम मांडला, म्हणून त्याला ड्युएन-हंट नियम म्हणतात.

λmin = hc / eV

येथे h प्लांक स्थिरांक, c प्रकाशवेग, e इलेक्ट्रॉनचा विद्युत् भार आणि V नळीवरील दाब. रोजच्या वापरासाठी एकच आकडा लक्षात ठेवला तरी भागते: दाब किलोव्होल्टमध्ये घेऊन १२४० ला त्याने भागले की सीमा पिकोमीटरमध्ये मिळते. ३५ किलोव्होल्टला ती ३५.४ पिकोमीटर येते, १०० किलोव्होल्टला १२.४.

ही सीमा का पडते, हे जुन्या सिद्धांताला सांगता येत नव्हते. इलेक्ट्रॉन अचानक थांबला की त्याच्याभोवतीच्या क्षेत्रात एक धक्का उमटतो आणि तो स्पंदासारखा बाहेर जातो, अशी क्ष-किरणांची कल्पना स्टोक्स आणि जे. जे. टॉमसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली होती. थांबणे जितके अचानक, तितका स्पंद अरुंद आणि तितके आखूड तरंग त्यात जास्त. स्पंदाचे चित्र टाकाऊ नाही. प्रारण कोणत्या दिशेला किती जाते याचा अंदाज त्यातून येतो. पण असा स्पंद वेगवेगळ्या वारंवारतांमध्ये फोडला, तर उच्च वारंवारतेकडे तीव्रता हळूहळू विरत जाते. ती कुठेही कापल्यासारखी तुटत नाही. प्रत्यक्ष वर्णपट मात्र तुटतो. याचे कारण थांबण्याच्या कालावधीत शोधून सापडत नाही, कारण ते ऊर्जेच्या हिशेबात आहे. एका फोटॉनची ऊर्जा hν असते आणि तो एका इलेक्ट्रॉनकडून एकाच घटनेत निघतो. इलेक्ट्रॉनजवळ eV एवढीच पुंजी आहे. ती सगळी एका फोटॉनला दिली तर hν = eV, आणि याहून मोठा फोटॉन निघूच शकत नाही. प्रकाशविद्युत् परिणामात फोटॉन आत जातो आणि इलेक्ट्रॉन बाहेर येतो. येथे तीच घटना उलटी घडते.

मात्र पुंजी अशी एकरकमी देणारे इलेक्ट्रॉन फारच थोडे. ३५ किलोव्होल्टने प्रवेगित झालेला इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या सुमारे ३५ टक्के वेगाने टार्गेटवर येतो. आत शिरल्यावर तो बहुतेक ऊर्जा धातूतल्या इतर इलेक्ट्रॉनांना थोडी थोडी देत जातो आणि तिची उष्णता होते. अधूनमधून तो एखाद्या अणुकेंद्राच्या अगदी जवळून जातो, त्याच्या ओढीने वळतो आणि त्या वळणावर फोटॉन सोडतो. संवेगाचा हिशेब अणुकेंद्र जुळवून घेते, पण ते जड असल्याने स्वतः ऊर्जा जवळजवळ घेत नाही. म्हणूनच सगळी ऊर्जा फोटॉनकडे जाणे शक्य होते. क्ष-किरणांत किती वाटा जातो याचा ढोबळ अंदाज १.१ × १०⁻⁹ × Z × V असा करतात. Z म्हणजे टार्गेटच्या धातूचा अणुक्रमांक. मॉलिब्डेनमसाठी Z = ४२; दाब ३५,००० व्होल्ट धरला तर उत्तर ०.१६ टक्के येते. म्हणजे १ मिलिअँपिअर प्रवाहाला नळीत ३५ वॉट ओतले, तर क्ष-किरण होतात जेमतेम ५६ मिलिवॉटचे. बाकी सगळे टार्गेट तापवण्यात जाते.

सीमेजवळ वर्णपटाचा आकार कसा असतो, हे मोजमापाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. टार्गेट अतिशय पातळ पत्र्याचे असेल तर ऊर्जेच्या अक्षावर तीव्रता जवळजवळ सपाट राहते आणि सीमेवर भिंतीसारखी कोसळते. नेहमीच्या जाड टार्गेटमध्ये इलेक्ट्रॉन खोल जाता जाता मंदावतो, त्यामुळे प्रत्येक थराची भिंत आधीच्या थराच्या भिंतीपेक्षा खालच्या ऊर्जेवर उभी असते. या सगळ्या भिंतींची बेरीज म्हणजे एक सरळ उतार: तीव्रता (E₀ − E) च्या प्रमाणात कमी होत नेमकी E₀ ला शून्य होते; येथे E ही फोटॉनची आणि E₀ ही इलेक्ट्रॉनची सुरुवातीची ऊर्जा. क्रॅमर्सने १९२३ मध्ये काढलेले सूत्र हेच सांगते. थोडक्यात, जाड टार्गेटची ‘तीक्ष्ण’ सीमा हा कडा नसतो, उतार जमिनीला जिथे टेकतो तो कोपरा असतो. पाठ्यपुस्तकांतला टंगस्टनचा परिचित आलेख कड्यासारखा दिसतो, कारण तो तरंगलांबीच्या अक्षावर काढलेला असतो आणि तिथे आखूड बाजूचा सगळा भाग दाबला जातो. त्या अक्षावर क्रॅमर्सच्या सूत्राने शिखर सीमेच्या दीडपटीवर येते. प्रत्यक्षात टार्गेट आणि नळीची खिडकी यांतील शोषणामुळे ते थोडे सरकलेले सापडते.

पदव्युत्तर प्रयोगशाळेत ही सीमा मोजायची तर मॉलिब्डेनमची नळी आणि मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा, स्फटिक घेणे सोयीचे पडते. स्फटिकातील प्रतलांमधले अंतर २८२ पिकोमीटर असते. ब्रॅगच्या नियमाने λ = 2d sinθ, म्हणजे कोनाची ज्या ५६४ ने गुणली की तरंगलांबी मिळते. स्फटिक ०.०५ ते ०.१ अंशाच्या टप्प्यांनी फिरवत प्रत्येक कोनावर काउंट घ्यायचे. सीमेपाशी काउंट विरळ असतात, तेव्हा तिथे प्रत्येक टप्प्याला जास्त वेळ थांबावे लागते. सेकंदाला १० काउंट येत असतील तर ३० सेकंदांत ३०० होतात आणि त्यात १७ ची सांख्यिक अनिश्चितता राहतेच. सीमेचा कोन ३५ किलोव्होल्टला ३.६० अंश यायला हवा, ३० ला ४.२०, २५ ला ५.०४ आणि २० ला ६.३१.

काउंट पहिल्यांदा वाढलेला दिसला तो कोन म्हणजे सीमा, असे धरणे ही इथली नेहमीची चूक. फटीतून येणारा झोत थोडा पसरट असतो, त्यामुळे काही किरण ठरल्यापेक्षा मोठ्या कोनाने स्फटिकावर पडतात आणि खऱ्या सीमेच्या आधीच काउंट चढू लागतो. कोपऱ्याच्या जागी एक गोलसर पाय तयार होतो. जास्त वेळ मोजले की तो पाय आणखी अलीकडे दिसू लागतो, म्हणजे ‘सीमा’ आपल्या धीरावर ठरते. त्यापेक्षा पायाच्या वरचा सरळ चढ घ्यावा, तो रेषेने खाली वाढवावा आणि सीमेअलीकडच्या पार्श्वभूमीच्या पातळीला जिथे छेदतो तो कोन वाचावा. सीमेजवळ उतार सरळ असतो हे वर आलेच आहे. रेषा वाढवण्याचा अधिकार तिथूनच मिळतो. फार लहान कोनांना, साधारण अडीच अंशांच्या आत, मूळ झोताचा काही भाग स्फटिकाला न लागता सरळ शोधकात जाऊ शकतो आणि काउंट पुन्हा वाढतो. तो भाग पार्श्वभूमी म्हणून धरू नये.

दुसरा दोष कोनाच्या शून्याचा. समजा चारही वाचने ०.१ अंशाने जास्त आली: ३.७०, ४.३०, ५.१४ आणि ६.४१. त्यांच्या तरंगलांब्या ३६.४०, ४२.२९, ५०.५३ आणि ६२.९७ पिकोमीटर होतात. आता प्रत्येकीला आपापल्या दाबाने गुणा: १२७४, १२६९, १२६३, १२५९. हे गुणाकार एकसारखे यायला हवे होते, ते दाबाबरोबर चढत आहेत. नुसती सरासरी काढली तर h दोन टक्के मोठा निघेल आणि चूक कुठे झाली ते कळणारही नाही. तेच आकडे 1/V विरुद्ध λmin असे मांडले तर रेषा सरळच येते, पण मूलबिंदूतून न जाता सुमारे १ पिकोमीटर वर छेदते. चढ मात्र १२४० च राहतो, कारण लहान कोनांत शून्याची चूक सगळ्या तरंगलांब्यांत जवळजवळ सारखीच मिसळते. चढाला e/c ने गुणले की h = ६.६३ × १०⁻³⁴ जूल-सेकंद. शिवाय सलग वर्णपटावर टार्गेटच्या धातूच्या स्वतःच्या ठरावीक तरंगलांबीच्या रेषाही उमटतात. त्यांतली मॉलिब्डेनमची Kα रेषा ७१.१ पिकोमीटरला, म्हणजे ७.२४ अंशांवर यायला हवी आणि दाब बदलला तरी ती हलत नाही. ती ७.३४ ला दिसली की शून्य किती सरकले आहे ते लगेच उमगते.

दाबाची चूक याहून लबाड असते. मीटर २ टक्के कमी दाखवत असेल तर h ही २ टक्के कमी येतो, आणि रेषा मूलबिंदूतून गेलेली असल्याने कुठेच खूण उरत नाही. दाब चढउतार होणारा असेल तर सीमा त्याच्या शिखरमूल्याने ठरते. ज्यावक्री दाबाची नळी वापरली आणि मीटरवरचे प्रभावी मूल्य सूत्रात घातले, तर ते शिखराच्या ०.७०७ पटच असल्याने h २९ टक्क्यांनी लहान निघेल. ड्युएन आणि हंट यांनी संचायक विद्युत् घटांच्या मोठ्या बॅटरीचा स्थिर दाब वापरला तो यासाठीच. मॉलिब्डेनमच्या K रेषा २०.० किलोव्होल्टखाली निघतच नाहीत, म्हणून दाब हळूहळू उतरवून त्या कुठे मावळतात ते पाहिले की मीटर तपासता येतो. नळीची तपासणी म्हणून हे उत्तम आहे. पण त्यावरून मीटर दुरुस्त करून पुन्हा h काढणे म्हणजे स्वतःच्याच शेपटीमागे धावणे, कारण २०.० हा आकडा तरंगलांबीवरून hc वापरूनच मिळालेला आहे.

नियमालाही एक बारीक दुरुस्ती आहे. तापलेल्या कॅथोडमधून बाहेर पडताना इलेक्ट्रॉनने कार्यफलाएवढी ऊर्जा खर्च केलेली असते आणि मीटरच्या वाचनात ती येत नाही. टंगस्टनसाठी ती सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. ती eV मध्ये मिळवावी लागते. ३५ किलोव्होल्टला हा फरक ०.०१३ टक्के, म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रयोगात अदृश्य. अचूक मोजमापात मात्र तो धरावाच लागतो.

ऊर्जाभेदी अर्धसंवाहक शोधकाने वर्णपट थेट घेतला तर स्फटिक आणि कोनाचा खटाटोप वाचतो. वर्णपटाचे टोक जिथे संपते तोच नळीचा शिखर दाब. नळी ७० किलोव्होल्टवर चालवली आणि अशा वर्णपटात ७० च्या पलीकडेही काउंटची विरळ शेपटी दिसली म्हणून दाब जास्त आहे असे समजू नये. दोन फोटॉन एकदम आले की शोधक त्यांची बेरीज एकच फोटॉन म्हणून नोंदवतो. नळीचा प्रवाह निम्मा करून पाहावे: खरे काउंट निम्मे होतात आणि बेरजेचे चौथाईवर येतात.